दिवाळीच्या गर्दीसाठी वीस दिवसांची माणसं : अनुभव लिहा

स्वाती_ठाणे
मिठाई-फराळाचं दुकान, नौपाड्यात. कायमची सहा माणसं. दसऱ्यानंतर काउंटरची गर्दी वाढते आणि यंदा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांच्या ऑर्डरी मिळून अर्ध्या किलोचे ९०० बॉक्स धनत्रयोदशीच्या आत द्यायचे आहेत. तात्पुरती माणसं किती घ्यायची, शिकवायचं काय आणि कागदावर काय लिहून द्यायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा. 'माणसं चांगली बघून घ्या' हे सोडून काहीही चालेल.

फरसाणवाला
आधी बॉक्समध्ये काय जाणार ते सांगा. माणसांचा आकडा त्यावर ठरतो.

स्वाती_ठाणे
काजूकतली, खव्याची बर्फी, बुंदीचा लाडू आणि शंकरपाळ्यांची छोटी पिशवी.

फरसाणवाला
मग ९०० भागिले दहा दिवस, रोज ९० असा हिशेब करू नका. सगळे इथेच फसतात. खव्याची बर्फी तीन-चार दिवसांची पाहुणी, त्यामुळे बॉक्स भरायचं काम शेवटच्या चार दिवसांतच होणार. म्हणजे रोज २२५.

काम दोन भागांत तोडा. खोकी उभी करणं, बटर पेपर घालणं, स्टिकर लावणं, शंकरपाळ्यांच्या पिशव्या सील करणं हे सगळं आठ-दहा दिवस आधी दोन माणसं आरामात उरकतात. फक्त रचलेली खोकी कोरड्या जागी ठेवा. परतीचा पाऊस रेंगाळला तर पुठ्ठा मऊ पडतो आणि वरचा थर खालच्याला दाबतो.

भरायच्या दिवशी एका टेबलावर चार माणसं बसवा. दोघं भरतात, एक वजन करतो, एक झाकण लावून चिकटवतो. हात बसल्यावर हे टेबल तासाला ४५ बॉक्स काढतं, म्हणजे २२५ ला पाच तास. सकाळी ९ ला बसवलंत तर जेवणाची सुट्टी धरून अडीचपर्यंत काम संपतं आणि संध्याकाळच्या गर्दीआधी टेबल मोकळं होतं. पहिल्या दिवशी मात्र ३० च्या वर अपेक्षा धरू नका.

टेबलाला चार, काउंटरवर मदतीला तीन, पोचवायला एक, असे आठ झाले. घ्या दहा आणि शिकवा दहाही जणांना. एक-दोन जण पहिला पगार हातात पडला की गळतात. त्यांच्या जागी धनत्रयोदशीला नवा माणूस आणलात तर त्याला शिकवायला तुमचा सर्वांत चांगला माणूस काउंटरवरून उठतो, हा खरा तोटा.

विचारायला नवरात्र बसायच्या आधी लागा. दसरा ते लक्ष्मीपूजन वीसच दिवस. तोवर राम मारुती रोडची कपड्यांची दुकानं आणि मॉल यांनी माणसं उचललेली असतात. कॉलेजची मुलं घेणार असाल तर आधी परीक्षेचं वेळापत्रक मागा. सेमिस्टरच्या परीक्षा नेमक्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात.

मृद्गंध
आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईला दोन दिवस बाई हवी आहे, घोडबंदर रोड, तीन खोल्या. हल्ली दिवसाला काय देतात?

स्वाती_ठाणे
ताई, हा धागा दुकानातल्या माणसांचा आहे. पण पंखे आणि माळा धरायचा की नाही ते आधी बोलून घ्या, भांडण तिथेच होतं. :)

प्र_कुलकर्णी
फार विचार करू नका. वीस दिवसांच्या माणसाला कसला कागद! आधार कार्ड आपल्याकडे ठेवून घ्यायचं आणि निम्मा पगार शेवटी द्यायचा, कोणी मध्येच पळत नाही. तात्पुरत्या माणसाला ओव्हरटाइमही द्यावा लागत नाही. रोज मात्र ठरल्यापेक्षा दहा रुपये कमी देऊ नये, त्याने बदनामी होते.

हिशेबनीस
कुलकर्णी साहेब, शेवटचं वाक्य तेवढं बरोबर. काम वीस दिवसांचं असो की वीस वर्षांचं, जादा तासाला दुप्पट दरच द्यावा लागतो आणि किमान वेतनाच्या खालीही जाता येत नाही. मूळ आधार कार्ड ठेवून घेणं तर अजिबात नको. झेरॉक्स घ्या, तीही पहिले आठ आकडे झाकलेली, आणि तिच्यावर 'दिवाळी कामासाठी' असं आडवं लिहून तारीख टाका.

निम्मा पगार अडकवण्याबद्दल : केलेल्या कामाचा पैसा तो त्याचाच. माणूस टिकावा म्हणून द्यायचं ते वेगळं ठेवा. कागद एका पानात बसतो, मराठीत, दोन प्रती. नमुना :

> काम : दिवाळी पॅकिंग. साप्ताहिक सुट्ट्या वगळून १८ दिवस.
> वेळ : सकाळी ९ ते ५:३०. जेवणाची सुट्टी अर्धा तास.
> रोज : ७२० रुपये. जादा तासाला १८० रुपये.
> पगार : दर शनिवारी, यूपीआयने. शिकायचा दिवसही भरपगारी.
> पूर्ततेची रक्कम : शेवटच्या दिवसापर्यंत काम केल्यास १,५०० रुपये, त्याच संध्याकाळी. एक खाडा माफ. आदल्या रात्री ८ पर्यंत कळवल्यास दुसराही माफ.
> लक्ष्मीपूजनाला काम दुपारी ४ ला संपेल.

७२० भागिले आठ तास म्हणजे तासाला ९०, त्याचे दुप्पट १८०. एखाद्याने १८ दिवस भरले आणि सहा दिवस दोन-दोन तास जादा थांबला, तर १२,९६० अधिक २,१६० अधिक १,५००, एकूण १६,६२०. हा आकडा पहिल्याच दिवशी तोंडी करून दाखवा. 'ओव्हरटाइम मिळेल' एवढ्याने समोरच्याला काहीच कळत नाही.

खाड्याची ओळ विसरू नका. ती नसली की शेवटच्या दिवशी 'मी फक्त एकदाच नव्हतो' आणि 'नाही, दोनदा' सुरू होतं. हजेरीवर रोज सही घ्या, येताना एक आणि जाताना एक.

सुनंदा_कळवा
आमच्या बचत गटातल्या बायका दरवर्षी दोन-तीन दुकानांत जातात, त्यांच्या बाजूने लिहिते. पैशापेक्षा भांडण वेळेवरून होतं. 'जरा थांबा, एवढे पंधरा बॉक्स' करत नऊ वाजतात, आणि घरी चकल्या तळायच्या बाकी असतात. थांबवायचं असेल तर दुपारी तीनपर्यंत सांगा. रात्री उशीर होणार असेल तर लेखी संमती घ्या आणि घरापर्यंत सोडायची सोय करा, नुसतं स्टेशनपर्यंत नाही.

दुसरं, भाऊबीज. त्या दिवशी सकाळी दुकानात झुंबड असते आणि बायकांना भावाकडे जायचं असतं. त्या दिवशी कोण येणार हे काम घेतानाच ठरवा. आमच्याकडे एकीला १ वाजेपर्यंतची पाळी चालते, बाकीच्या येत नाहीत. आणि बसायला स्टूल द्या. पाच तास उभ्याने बॉक्स भरले की शेवटच्या तासाला लाडू दाबलेले निघतात, मग ओरडा आम्हीच खातो.

स्वाती_ठाणे
स्टुलाचं डोक्यात नव्हतं. आता शिकवायचं काय ते कोणीतरी लिहा.

फरसाणवाला
दीड-दीड तासाचे दोन दिवस पुरतात. दुपारी २ नंतर, दुकान थंड असताना. हात धुणं, टोपी, मोजे आणि पैशाला लागलेला हात मिठाईला न लावणं यात पहिला अर्धा तास जातो. अन्न हाताळणाऱ्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, ते शिकवायच्या दिवसाआधीच करून घ्या. ज्याला जुलाब-ताप आहे त्याने घरी राहायचं, आणि त्याचा खाडा माफ, हेही स्पष्ट सांगा. नाहीतर पूर्ततेच्या रकमेसाठी माणूस आजारपण लपवून टेबलाला बसतो.

उरलेला सगळा वेळ काट्याला द्या. मिठाईच्या वजनात खोक्याचं वजन धरता येत नाही, आणि नव्या माणसाची चूक हमखास इथेच होते.

समजा झाकण आणि बटर पेपर धरून अर्ध्या किलोचं रिकामं खोकं ७० ग्रॅम भरतं आणि किलोचं ११०. (तुमची खोकी तुमच्या काट्यावर मोजा.) रिकामं खोकं ठेवायचं, टेअर दाबायचं, शून्य दिसलं की भरायचं. भरलेलं खोकं उचललं की काट्यावर उणे ७० दिसलं पाहिजे. ही उण्याची खूण शिकवा, बाकी विसरले तरी चालेल. किलोच्या खोक्याला उणे ७० दिसलं तर टेअर जुन्या खोक्यावरच राहिलंय आणि गिऱ्हाइकाला ४० ग्रॅम माल कमी गेला. हजार रुपये किलोच्या मिठाईत ते ४० रुपये होतात. उलट किलोचं टेअर ठेवून अर्ध्याचं खोकं भरलं की ४० ग्रॅम तुमच्या खिशातून.

वीज जाऊन आली किंवा कोणी काटा बंद करून चालू केला तर टेअर पुसलं जातं. मग उणे काहीच दिसत नाही आणि खोकं मिठाईच्या भावाने विकलं जातं. म्हणून काट्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा : अर्धा ७०, किलो ११०.

परीक्षा अशी : प्रत्येकाने दहा बॉक्स भरायचे, मध्येच खोक्याचं माप बदलायचं, आणि दुसऱ्या काट्यावर तुम्ही मोजायचे. दहात दोनदा चुकला तर त्याला झाकणावर बसवा, काट्यावर नको. माणूस वाईट नसतो, त्याची जागा वेगळी असते.

सानपाडा_पॅकिंग
नवी मुंबईत आम्ही सुक्या मेव्याचे हॅम्पर भरतो, माणसं ठेकेदाराकडून येतात. एका फोनवर वीस जण मिळतात, पण रोज चेहरे बदलतात, मग शिकवलेलं वाया. ठेकेदाराशी करार करताना 'पहिल्या तीन दिवसांनंतर माणूस बदलल्यास नवा माणूस शिकेपर्यंतचा रोज ठेकेदाराचा' अशी ओळ घाला. त्याने त्यांचा पगार बुडवला तर तो मूळ मालकाच्या गळ्यात पडतो, म्हणून बिल चुकतं करण्याआधी त्या माणसांच्या सहीचा पगारपत्रक मागा. दहा जणांसाठी मी ठेकेदार धरणार नाही.

आमच्याकडे नग मोजून पैसे देतात. स्वाती, तुम्हीही बॉक्समागे ५-६ रुपये द्या, वेग आपोआप येतो.

फरसाणवाला
सुका मेवा दाबला तरी मोडत नाही, साहेब. बर्फीला नगावर पैसे लावलेत की कोपरे मोडतात आणि काट्याकडे कोणी बघत नाही. खोकी उभी करायला नग चालेल, भरायला रोजच.

सानपाडा_पॅकिंग
भरल्यावर दर दहातला एक बॉक्स उघडून बघायचा, मोडला असेल तर त्या दहांचे पैसे नाही. आमच्याकडे चालतं.

हिशेबनीस
'त्या दहांचे पैसे नाही' हे कागदावर टिकणार नाही. नगावर दिलंत तरी दिवसाचा हिशेब किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. मोडतोड झाली म्हणून मनाला येईल तसा पगार कापता येत नाही. ज्याचं झालं त्याला विचारून, लिहून, मगच.

सुनंदा_कळवा
आणि एकीने मोडलेल्या बर्फीचे पैसे टेबलावरच्या चौघींचे का कापायचे?

सानपाडा_पॅकिंग
आमच्याकडे एका टेबलाला एकच भरतो, म्हणून तो प्रश्न आला नाही. बघतो.

स्वाती_ठाणे
खोकी नगावर, भरणं रोजावर, असं ठरवते. दुकानात अर्ध्याचं खोकं आत्ताच मोजलं, ८२ ग्रॅम भरलं. काटा बंद करून चालू केल्यावर काय होतं तेही बघितलं. कालपर्यंत आमचा जुना माणूसही ते तपासत नव्हता.