मशरूम कोरड्या तव्यावर की तेलात? पाण्याचं नक्की करायचं काय

शनिवारी_स्वयंपाक
बटन मशरूमचं २०० ग्रॅमचं पाकीट आणते, चिरून कढईत तेलावर टाकते आणि पाच मिनिटांत कढईत तळं साचतं. मशरूम राखाडी, चावायला रबर. सध्या ते पाणी मी ओतून देते. मैत्रीण म्हणते तेल न घालता तापलेल्या कोरड्या तव्यावर टाकले की पाणी सुटतच नाही, थेट खरपूस होतात. खरंय का? आणि करपत नाहीत का तेलाशिवाय?

ओंकार_७७
मैत्रीण बरोबर सांगतेय. तवा इतका तापवायचा की टाकल्या टाकल्या बाहेरून भाजून बंद झाले पाहिजेत म्हणजे पाणी आतच राहतं. आणि मीठ आधी अजिबात नाही, सगळं पाणी मिठामुळेच सुटतं. मी मीठ शेवटी घालायला लागलो तेव्हापासून एकदाही तळं झालेलं नाही.

बिडाचा_तवा
मीठ शेवटी घाला हे बरोबर आहे ओंकार, पण बाकीचं पटत नाही. बाहेरून काही बंद वगैरे होत नाही. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि ते गरम झालं की बाहेर येणारच, मीठ घाला नाहीतर नका घालू. मिठाने ते लवकर येतं एवढंच. खरा प्रश्न असा आहे की पाणी ज्या वेगाने सुटतंय त्याच वेगाने त्याची वाफ होतेय का. होत असेल तर तुम्हाला पाणी दिसणारच नाही आणि वाटेल की सुटलंच नाही. तव्यावर पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशाच्या फार वर जात नाही आणि तांबूस रंग यायला त्याहून बरंच जास्त लागतं, साधारण १४० च्या पुढे. म्हणून तळ्यात बसलेला मशरूम कितीही वेळ ठेवला तरी राखाडीच राहतो.

आणि कढई हेच तुमच्या तळ्याचं मोठं कारण आहे. तळ अरुंद, त्यात २०० ग्रॅम म्हणजे चार थर, खालच्या थराची वाफ वरच्या थराला लागून पुन्हा पाणी होऊन खाली येते. सपाट तवा घ्या, बिडाचा किंवा जाड लोखंडी, मोठ्या बर्नरवर तीन मिनिटं तापू द्या, अर्धंच पाकीट एका थरात पसरा आणि झाकण ठेवू नका. मग दोन मिनिटं हलवायचं नाही, हे सगळ्यात अवघड जातं कारण हात शिवशिवतो. पाणी सुटल्यावर बुडबुड्यांचा जड, ओला आवाज येतो, ते संपलं की आवाज बारीक आणि कोरडा होतो, तडतड. त्या आवाजाला उलटायचं आणि मग तेल.

तूप_सढळ
मी पंधरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत आणि मला हे कोरडं प्रकरण पटत नाही. मशरूमचा काप काही काचेसारखा सपाट नसतो, तव्याला तो चार ठिकाणीच टेकतो. तेथे काळे डाग पडतात आणि मधला भाग पांढरा. तेल ती मधली फट भरतं, उष्णता सगळीकडे पोचवतं, म्हणून रंग एकसारखा येतो. आम्ही आधी तेल चांगलं तापवायचो, धूर यायच्या बेतात, थोडे थोडे मशरूम टाकायचो, उत्तम व्हायचे. तळं होतं ते तेलामुळे नाही, गर्दीमुळे आणि मंद आचेमुळे.

बिडाचा_तवा
गर्दीबद्दल शंभर टक्के मान्य. पण हॉटेलची भट्टी आणि घरचा बर्नर यांची तुलना नको ना. तुमच्याकडे तेलात टाकले तरी पाणी उडवायला आच होती. घरी कच्चा मशरूम तेलात पडला की आतल्या पोकळ्यांत तेल शोषून घेतो, तवा कोरडा दिसतो, माणूस अजून चमचाभर घालतो, मग अजून. नंतर मशरूम आकसला की आतलं तेल बाहेर येतं आणि प्लेट तेलकट. आधी कोरडे आकसू दिले की त्या पोकळ्याच बसतात, मग दीड चमचा तेल पुरतं. आणि तुम्ही म्हणताय तो एकसारखा रंग ते दीड चमचा तेल शेवटी देतंच की.

मेलबर्नहून_आई
मी पण सुके मशरूमच वापरते, इथे आशियाई दुकानात शिटाके मिळतात. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मग तव्यावर. भिजवलेलं पाणी गाळून आमटीत घालते, फार छान चव येते. पण माझे तव्याला चिकटतात, त्याला काय करू?

शनिवारी_स्वयंपाक
काकू, माझे ताजे आहेत हो, कोरडा तवा आहे. 🙂 पण ते पाणी आमटीत घालायचं लक्षात ठेवते, म्हणजे माझं ओतून दिलेलं पाणी पण…?

बिडाचा_तवा
हो, ते ओतू नका, मशरूमची अर्धी चव त्यात उतरलेली असते. तव्यात आटवलंत तर ती चव परत मशरूमवरच चढते, नाहीतर भातात घाला. आणि मेलबर्नच्या काकू, चिकटतायत म्हणजे बहुतेक तुम्ही लवकर ओढताय. लोखंडावर आणि स्टीलवर रंग आला की ते आपसूक सुटतात, त्याआधी उलथन्याने खरवडलं की फाटतात. भिजवलेले असतील तर पिळून फडक्यात दाबून घ्या आणि तेल आधीच घाला, त्यांना कोरडी पद्धत लागू नाही.

रविवार_दुपार
मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. गेल्या रविवारी सुट्टी होती आणि किचनचा वजनकाटा होता म्हणून करून बघितलं. एकाच दुकानातली दोन पाकिटं, देठांची टोकं काढून प्रत्येकी १९० ग्रॅमच्या आसपास, बोटाएवढ्या जाडीचे काप. पहिलं पाकीट बिडाच्या तव्यावर दोन वेळात, कोरडं, वर सांगितलंय तसंच. प्रत्येक वेळेला आठ मिनिटं लागली, शेवटी दोन्ही मिळून ९० ग्रॅम उरले. दुसरं पाकीट सगळं एकदम स्टीलच्या पॅनमध्ये, पाव वाटी पाणी आणि मीठ मुद्दाम आधीच घालून. तळं झालंच, नऊ मिनिटं नुसतं खदखदत होतं. मग पाणी आटलं, आवाज बदलला, एक चमचा तेल घातलं आणि पुढच्या पाच मिनिटांत सगळे एकसारखे तांबूस. वजन ९५ ग्रॅम. म्हणजे एकूण वेळ जवळपास सारखाच, आणि मला तर दुसऱ्यांचा रंग जास्त आवडला.

मशरूम भाजीसारखा गळत नाही हो. वांगं, दुधी जास्त शिजले की लगदा, मशरूम अर्धा तास शिजवा तरी चावायला काहीतरी राहतं. त्याच्या पेशींची भिंत वेगळीच असते, काइटिनची, खेकड्याच्या कवचात असतं तेच, ती उष्णतेने विरघळत नाही. म्हणून तळं झालं तरी घाबरायचं कारण नाही, थांबायचं फक्त. लोक रबर म्हणतात तो अर्ध्यावर सोडलेला मशरूम असतो, पाणी आहे तोवरच गॅस बंद केलेला.

तूप_सढळ
रविवार दुपार, हे आवडलं. पण नऊ मिनिटं खदखदून मग पाच मिनिटं, त्यात कड कुरकुरीत होती का? माझ्या तोंडाला कडा पाहिजेत.

रविवार_दुपार
कडा नव्हत्या, खरं सांगते. कोरड्या तव्यावरचे काप कडेला कुरकुरीत आणि आतून जरा रसाळ होते, पाण्यातले सगळीकडून सारखे आणि दाट. टोस्टवर ठेवायला मी पहिले घेईन, पुलावात दुसरे.

निळा_नॉनस्टिक
माझ्याकडे फक्त नॉनस्टिक आहे. कोरडा तापवून करू का?

बिडाचा_तवा
नको. रिकामा नॉनस्टिक मोठ्या आचेवर तापवणं म्हणजे तो थर खराब करणं, २६० अंशाच्या पुढे गेला की तो विरायला लागतो आणि रिकामा तवा काही मिनिटांतच तिथे पोचतो. तुम्ही रविवार दुपारची पद्धत करा, सुरुवातीलाच थोडं पाणी, मध्यम आच.

पावसाळी_गोवा
या सगळ्यात आमची आळमी कुठे बसतात सांगा. पावसात वारुळांवर उगवतात, बाजारात पानात बांधून विकायला येतात, किंमत विचारू नका. आमच्या घरी आई ती कधीच तव्यावर भाजत नाही. ओल्या नारळाच्या वाटणात त्यांचंच पाणी सुटू देते आणि त्या पाण्यातच शाकुती. ते पाणी उडवून दिलं तर आई घराबाहेर काढेल. त्यामुळे पाणी म्हणजे शत्रू हे गृहीत धरूनच ही सगळी चर्चा चाललीय असं वाटतं. (ओळखीच्या माणसाकडून घेतलेलीच खा, रानात दिसली म्हणून तोडू नका.)

ओंकार_७७
बरं, बंद होतं हे माझं चुकलं असेल. पण एक सांगा, मग धुवायचे की नाही? मी कधीच धूत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, धुतले की स्पंजासारखं पाणी पितात ना.

रविवार_दुपार
हे पण काट्यावर ठेवलं होतं. अख्खे २०० ग्रॅम नळाखाली पटकन धुवून झटकले, २०५ झाले. तव्यात जवळजवळ शंभर ग्रॅम जाणार तिथे पाच ग्रॅमने काय होतंय. फक्त चिरल्यावर धुवू नका, तेव्हा मात्र पितात, आणि भिजत तर ठेवूच नका. त्यापेक्षा एक गोष्ट जास्त उपयोगाची, पाकिटाचं प्लास्टिक आल्या आल्या फाडा, वर कागद टाकून फ्रीजमध्ये उघडे ठेवा. दुसऱ्या दिवशी थोडे सुरकुतलेले दिसतात पण पाणी कमी झालेलं असतं आणि तव्यावर लवकर रंग धरतात. प्लास्टिकमध्ये ठेवले की घाम येऊन बुळबुळीत होतात.

शनिवारी_स्वयंपाक
आज केले. लोखंडी डोश्याचा तवा, अर्धं पाकीट, काहीही न घालता. पहिली दोन मिनिटं हात मागे बांधून उभी राहिले अक्षरशः. पाणी सुटलं, पण तव्यावर थेंब थेंब, तळं नाही. आवाज बदलला तो मला नीट ऐकू आला, मी आधी कधी लक्षच दिलं नव्हतं. मग एक चमचा तेल, लसूण, शेवटी मीठ. बाजूचे चार काप तरी पांढरेच राहिले, माझा बर्नर मधेच जास्त तापतो. उरलेलं अर्धं पाकीट चुकून मंद आचेवर गेलं आणि पुन्हा पाणी झालं, पण या वेळी ओतलं नाही, आटू दिलं. नवऱ्याला दुसरेच जास्त आवडले.

तूप_सढळ
कडेचे पांढरे राहिले ते तेल आधी घातलं असतं तर राहिले नसते. पुढच्या पाकिटाला माझ्या पद्धतीने करा, फक्त अर्धंच टाका, आणि काय होतं ते इथे लिहा.

मेलबर्नहून_आई
मी आज फडक्यात दाबून घेतले. चिकटले नाहीत. पण लसूण करपला, तो कधी घालायचा?