मदत हवी आहे: मोफत रद्द करण्याची मुदत कोणाच्या घड्याळाप्रमाणे धरायची?

नमस्कार मंडळी. आईबाबांसाठी परदेशातलं हॉटेल बघतेय, चेक-इन 20 तारखेचं. अ‍ॅपच्या यादीत हॉटेलच्या नावाखाली ‘मोफत रद्द’ असं हिरव्या अक्षरांत दिसतं, पण आत त्याच खोलीचे दोन दर आहेत. स्वस्त दर नॉन-रिफंडेबल. हिरवी सवलत फक्त महागड्या दरालाच लागू. बाबांच्या तब्येतीचा भरवसा नाही, म्हणून महागडाच घ्यायचं ठरवलंय.

त्याच्या अटींत लिहिलंय: 18 तारखेला दुपारी 12 पर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत, नंतर पहिल्या रात्रीचं भाडं कापणार. हे 12 कुठले? तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. हॉटेलची स्थानिक वेळ धरली तर माझी मुदत सकाळी साडेआठलाच संपते! अ‍ॅपमध्ये याचा खुलासा कुठेच नाही. बुकिंगनंतर येणाऱ्या व्हाउचरवर तो असतो का?

आणखी एक. पैसे भरल्यावर स्टेटस ‘पेंडिंग’ राहिलं आणि हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर आलाच नाही, तर खोली पक्की समजायची का? की अ‍ॅपचा बुकिंग आयडी देऊन थेट हॉटेलला विचारावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.