अनुभव धागा: "रविवारी जरा येऊन जा" याची नीट विनंती कशी केली?

हजेरीवाली ताई: आमचं जिनिंग हिंगणघाटकडचं, मी हजेरी अन् पगारपत्रक पाहते. मंगळवारी गाड्या लागणार होत्या, शंभरावर गठाणी बाकी, अन् शुक्रवारी चहा पिता पिता मॅनेजर साहेब म्हणाले, "रविवारी पोरायले बोलाव, दोनचार तासाचं काम आहे, काय द्याचं ते पाहून घेऊ, ग्रुपवर टाकून दे." टाकणारच होते पण हात थांबला. कारण आदल्या हंगामात याच "पाहून घेऊ"वर प्रेसवरच्या एका दादाला तीन रविवारचे मिळून सहाशे भेटले होते, माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यानं नोटा मोजल्या, परत मोजल्या, अन् काही न बोलता गेला. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून आधी तोलाईच्या पावतीमागं हिशेब मांडला. त्याचा पगार १५,६००, भागिले २६ म्हणजे रोजचे ६००, तासाचे ७५, दुप्पट १५०. आठ तासाचे १,२००. मग साहेबांना विचारलं, किती ते किती, दर काय, पैसे कधी? ते म्हणाले पाचशे लिही. मी म्हटलं साहेब, पाचशे तर त्याच्या साध्या रोजाहून कमी होतात. ते जरा वेळ गप बसले, मग मालकाला फोन लावला, अन् हो आलं. ग्रुपवर हे टाकलं:

"येत्या रविवारी सकाळी ८ ते ५, मधात एक तास जेवण. रेचे आणि प्रेस मिळून १२ माणसं लागतात. कामाच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट, याच महिन्याच्या पगारात, चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत. जमत नसेल तर शनिवारी दुपारपर्यंत कळवा, न आल्यास हजेरीवर काही फरक नाही."

नऊ जण आले. सहा वाजले सुटायला, तो नववा तासही धरला. तुमच्याकडे कसं झालं ते लिहा.

वरूडचा: बरोबर केलं ताई. पण बदली सुट्टी दिली की पैसे द्यावे लागत नाही, आमच्या संत्र्याच्या पॅकिंगात असंच चालते.

जुना टाइमकीपर: अर्धंच बरोबर आहे भाऊ. कारखान्याच्या हिशेबात आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होते, म्हणजे रविवार हा नव्या आठवड्याचा पहिला दिवस. रविवारी काम घेतलं अन् त्याच आठवड्यात बुधवारी सुट्टी दिली तर ४८ तासच भरतात, दुप्पट निघत नाही. पण "हंगाम संपल्यावर घ्या सुट्टी" म्हटलं तर त्या आठवड्याचे ५६ झालेच ना, वरच्या आठचे दुप्पट द्यावेच लागतात. म्हणून बदली सुट्टी द्यायची असेल तर मेसेजात तिची तारीख लिहा. मी वीस वर्षं रजिस्टर भरलं, तारीख नसलेली सुट्टी कोणाला भेटलेली पाहिली नाही.

सोयाबीनवाला: मजूर तर आमच्याकडे सोंगणीले दुप्पट देऊनही येत नाही, याच्यावर पण बोला कोणी.

हजेरीवाली ताई: दादा तुमचं दुखणं खरं आहे, पण इथं महिन्याच्या पगारावरच्या माणसाचं चाललं आहे. टाइमकीपर काका, माझी अडचण तीच. आलेल्यातले दोघं पुढं बुधवारी गैरहजर राहिले, तर साहेब म्हणून राहिले की यांचे तास अठ्ठेचाळीसच्या वर गेलेच नाही, साधा रोज दे. काय करू?

जुना टाइमकीपर: कायद्याच्या गणतीनं पहिल्या आठ तासापुरतं साहेबाचं म्हणणं निघू शकते, नववा तास तर ४८च्या वरच जाते. पण तुझ्या मेसेजात "प्रत्येक तासाला दुप्पट" आहे, त्यात ४८ची अट नाही. तो शब्द वाचूनच ते आले. मी असतो तर मेसेज दाखवून दुप्पटच मागितले असते.

आर्वीहून घरून काम: माझा मॅनेजर पुण्यात, कॉलवर सहज म्हणे, "वीकेंडला थोडं बघशील ना?" मी सॉफ्टवेअरवाला, माझ्या करारात ओव्हरटाइमचं काही लिहिलेलं नाही, म्हणून दुप्पट मागितलं नाही. कॉल संपल्यावर लगेच लिहून पाठवलं: "शनिवारी १० ते ४ मी टेस्टिंग पूर्ण करतो, त्याबदल्यात पुढच्या शुक्रवारी पूर्ण सुट्टी धरतो, बरोबर समजलो ना?" दोन तासांनी नुसता अंगठा आला. शुक्रवारी सुट्टी मिळाली, पण दुपारी एक फोन आलाच. त्या अंगठ्याला होकार धरावं का हे मला अजून समजलं नाही.

वरूडचा: अंगठ्यावर भरोसा नको, "हो" लिहून घे. अन् काका, आमच्या पॅकिंगात सुट्टीची तारीख कोणीच लिहीत नाही, उद्या विचारतो.

हजेरीवाली ताई: त्या दोघांचे दुप्पटच धरून पत्रक साहेबांपुढं ठेवलं आहे, सही अजून व्हायची आहे.