एकच उमेदवार, दोन एजन्सी, दोन बिलं: पैसे कुणाला?

नोंदवही
चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात एचआर बघते. मेंटेनन्स इंजिनिअरच्या एका जागेसाठी चार एजन्सींना सांगितलं होतं. ३ जूनला पहिलीने एकाच मेलमध्ये २२ बायोडेटा पाठवले. १० जूनला दुसरीने तीनच पाठवले, त्यातला एक आम्ही घेतला आणि तो १ ऑगस्टला रुजू झाला. आता पहिली म्हणते, तो आमच्या २२ मध्ये होता. बघितलं, खरंच होता. दोघींची बिलं टेबलावर आहेत. साहेब म्हणतात, अर्धे-अर्धे देऊन मोकळ्या व्हा. मला वाटतं जिने काम केलं तिलाच द्यावेत. तुम्ही काय कराल?

ताळेबंद
वाटण्याचा प्रश्न येतोच कुठे? करार काढा. बहुतेक करारांत लिहिलेलं असतं की ज्या एजन्सीचा बायोडेटा आधी पोचला, तिचा त्या उमेदवारावर सहा महिने हक्क. तसं असेल तर पैसे पहिलीचे. दुसरीने कितीही घाम गाळला असला तरी मेलची तारीख खोटी बोलत नाही. मी अकाउंट्सला आहे, ऑडिटरसमोर मला तारीख दाखवता येते, घाम नाही.

जुना भरतीवाला
वीसेक वर्षं एजन्सी चालवली, आता बंद केली, म्हणून मोकळेपणाने लिहितो. ताळेबंद म्हणतात तो नियम आमच्याच धंद्याने लिहून घेतलाय आणि त्यानेच धंदा नासवलाय.

'पहिला मेल ज्याचा, माणूस त्याचा' म्हटलं की एजन्सीतली पोरं काय करतात? जागा आली की नोकरीच्या पोर्टलवर 'मेंटेनन्स, चाकण, ५ ते ८ वर्षं' एवढं टाकायचं, वरचे वीस-पंचवीस बायोडेटा उतरवायचे आणि तासाभरात पाठवून द्यायचे. फोन नंतर. बरेचदा फोन नाहीच. तो मेल म्हणजे शोध नव्हे, शेतात कुंपण घालून ठेवणं आहे. उद्या दुसऱ्या कुणी त्यातला माणूस बसवला की हे बिल घेऊन हजर. तुमच्या २२ चा मेल वाचूनच मला वास आला.

पहिल्या एजन्सीला एवढंच विचारा: या मुलाशी तुमचं बोलणं कधी झालं? त्याची सध्याची कंपनी, हातात येणारा पगार, नोटीस पिरियड, सोडण्याचं कारण सांगा. ज्याने फोन केलाय त्याच्या वहीत हे असतंच.

नोंदवही
दुसरीच्या वहीत सगळं होतं. नोटीस ९० दिवसांची होती, तिच्या पोरीने त्याला त्याच्या तेव्हाच्या कंपनीतल्या साहेबांशी बोलायला लावून ती ४५ वर आणली. तो भोसरीला राहतो, म्हणजे तिसऱ्या पाळीला येणं जमेल, हेही तिनेच आधी विचारलं. आधीचे दोन उमेदवार हडपसरचे होते, दोघांनी ऑफर घेऊन ऐन वेळी नकार दिला होता.

सुपा एमआयडीसी
आमच्याकडे हा घोळ होत नाही. ठेकेदार पोरं आणतो, हजेरीवर बिल करतो, पगारावर त्याचा सर्व्हिस चार्ज. माणूस पळाला की दुसऱ्या दिवशी दुसरा हजर. तुम्ही पण तसंच का करत नाही?

ताळेबंद
दादा, ते कंत्राटी कामगारांचं झालं. तिथे माणूस ठेकेदाराच्या पटावर असतो. इथे माणूस कंपनीच्या पटावर घ्यायचा आणि शोधून दिल्याचे एकदाच पैसे मोजायचे.

भरतीवाले काका, तुमचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण अडचण बघा. 'बोलणं झालं होतं का' हे सिद्ध कसं करायचं? उद्या दोन्ही एजन्सी म्हणतील आमचं झालं होतं. तारीख निदान निर्विवाद असते.

जुना भरतीवाला
उमेदवाराच्या स्वतःच्या मेलवरून एक ओळ घ्यायची: 'अमुक कंपनीतल्या अमुक जागेसाठी माझा बायोडेटा या एजन्सीमार्फत पाठवायला माझी हरकत नाही.' ती ओळ जोडलेली नसेल तर बायोडेटा आलाच नाही असं धरायचं. मग २२ पाठवायला २२ जणांशी बोलावं लागतं, आणि २२ चे आपोआप चार होतात. तारखेचा नियम राहू द्या, फक्त घड्याळ संमतीच्या ओळीपासून लावा.

तिसऱ्या पाळीचा
मी उमेदवाराच्या बाजूने सांगतो. मागच्या वर्षी एकाच आठवड्यात मला तीन एजन्सींचे फोन आले. तिघींनी सांगितलं, 'चाकणमधली नामांकित कंपनी.' नाव कुणीच सांगेना. मी तिघींना हो म्हटलं, मला वाटलं तीन जागा आहेत. एकच निघाली. कंपनीच्या एचआरने मला फोन करून विचारलं की तू तीन ठिकाणांहून का आलास, जशी काही मी चलाखी केली. इंटरव्ह्यू झालाच नाही. संमतीचा मेल मागाल तर मागा, पण आधी नाव सांगायला लावा. नाव माहीत नसताना मी दहा जणांना संमती देईन.

जुना भरतीवाला
हे खरं मूळ आहे. नाव लपवतात ते दोन कारणांनी. एक तर उमेदवार थेट कंपनीत अर्ज करेल ही भीती. दुसरं, कंपनीच सांगते की नाव फोडू नका, कारण आत त्या खुर्चीवर अजून माणूस बसलेला असतो. दुसरं कारण असेल तर जागा एकाच एजन्सीला द्या, चौघींना गुप्त काम देऊन गुपित राहत नाही.

अजून एक खोड: काही एजन्सी बायोडेटावरचा फोन आणि मेल खोडून वर स्वतःचा शिक्का मारून पाठवतात. अशा कागदावर डुप्लिकेट ओळखणार कसा? नाव तर प्रत्येक शॉपमध्ये चार जणांचं सारखं असतं. आम्ही एका कंपनीशी असं ठरवलं होतं की बायोडेटा खोडलेला चालेल, पण सोबतच्या एक्सेलमध्ये मोबाइलचे शेवटचे चार आकडे आणि जन्मतारीख हवी. एचआरने त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ताडून 'नवा' किंवा 'आधी आलेला' एवढा एक शब्द कळवायचा. नोंदवही, तुम्ही १० जूनला दुसऱ्या एजन्सीला काही कळवलं होतं का?

नोंदवही
नाही. २२ चा मेल मी पूर्ण उघडलाही नव्हता. पहिले पाच बघितले, त्यातले दोन प्रॉडक्शनचे निघाले, मग बंद केला.

ताळेबंद
मग दुसरीला सात आठवडे राबवून घेतलंत, आणि आता 'तो आधीच आला होता' म्हणणं बरं दिसणार नाही, हे मी मान्य करतो. पण म्हणून पहिलीचा करार रद्द होत नाही. चूक कंपनीची, तर भुर्दंड कंपनीचा. ९ लाखांच्या पॅकेजवर ८.३३ टक्के धरले तर ७४,९७० रुपये, जीएसटी वेगळा. दोघींना पूर्ण द्या.

जुना भरतीवाला
न वाचलेल्या गठ्ठ्याचे पंचाहत्तर हजार? दिलेत तर पुढच्या जागेला ती ४० पाठवेल.

आणि नोंदवही, राग मानू नका, तो गठ्ठा तुमच्या जेडीने, म्हणजे कामाच्या वर्णनानेही मागवला. चौघींना काय पाठवलं होतं?

नोंदवही
व्हॉट्सॲपवर: 'मेंटेनन्स इंजिनिअर, डिप्लोमा/बीई, ५-८ वर्षं, चाकण, अर्जंट.' दुसऱ्या एजन्सीने मात्र फोन करून आमच्या मेंटेनन्स हेडशी वीस मिनिटं मागून घेतली. तिने विचारलं, या खुर्चीवरचे आधीचे लोक का गेले? हेड म्हणाले, तिसऱ्या पाळीत हायड्रॉलिक प्रेस बंद पडला की सकाळपर्यंत थांबता येत नाही, एकट्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि सीमेन्सचं पीएलसी स्वतः उघडून बघता यायला हवं. यातलं एकही वाक्य माझ्या जेडीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हाच कळलं.

जुना भरतीवाला
त्या वीस मिनिटांमुळेच २२ ऐवजी तीन आले. पुढच्या वेळी दोनच एजन्सी ठेवा आणि दोघींना हेडसमोर एकत्र बसवा. आणि बायोडेटा किती आले हे मोजू नका, पाठवलेल्यांपैकी हेडने किती जणांना बोलावलं ते मोजा. दहातले दोन बोलावले तर एजन्सीने वाचलेलं नाही. तीनातले दोन बोलावले तर वाचलंय.

कारखानदार_रांजणगाव
दोन एजन्सी वगैरे मोठ्यांचे चोचले. आमच्या जागेला पगार कमी, गाव लांब. दोघींनाच दिलं तर महिनाभर एक बायोडेटा येत नाही. मी सहा जणींना देतो, गठ्ठे येतात, त्यातून सापडतो माणूस. डुप्लिकेट झाला तर भांडतो. आणि पैसे ९० दिवस टिकल्याशिवाय देतच नाही. ज्याला परवडेल त्याने काम करावं.

ताळेबंद
९० दिवसांचं जपून. एजन्सी सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, आणि या धंद्यात बऱ्याच असतात, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थांबता येत नाही. त्यानंतर व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय आयकरात तो खर्चच नाकारतात.

नफातोटा
नाकारत नाहीत, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरतात. ऑगस्टचं बिल नोव्हेंबरात दिलंत तर आयकरात फरक पडणार नाही, मार्चपलीकडे गेलं तर पडेल. व्याजाचं मात्र तुमचं बरोबर आहे.

जुना भरतीवाला
म्हणून टिकण्याची हमी पैसे अडवून घेऊ नये. ४५ दिवसांत बिल चुकतं करा, आणि करारात लिहा की माणूस ९० दिवसांत गेला तर बदली माणूस फुकट, आणि ३० दिवसांत बदली देता आली नाही तर पैसे परत. बहुतेक एजन्सी फक्त पहिला अर्धा भाग लिहून देतात. बदली माणूस कधी देणार हे लिहिलेलं नसतं, मग तो कधीच येत नाही.

कारखानदार_रांजणगाव
पैसे परत देणारी एजन्सी मला अजून भेटलेली नाही.

जुना भरतीवाला
मी दोनदा दिलेत. एकदा रडत.

नोंदवही
आज दोन गोष्टी झाल्या. पहिल्या एजन्सीला काकांचा प्रश्न विचारला: नोटीस किती दिवसांची होती? उत्तर आलं, '३० दिवस, इमिजिएट जॉइनर.' म्हणजे फोन झालाच नव्हता. त्यांच्या करारात शब्द मात्र 'बायोडेटा पाठवणे' एवढाच आहे, 'उमेदवाराशी बोलणे' नाही.

दुसरी गोष्ट: आमच्या भरतीच्या मेल आयडीवर सहज त्याचा मोबाइल नंबर टाकून शोधलं. गेल्या नोव्हेंबरात त्याने स्वतःच बायोडेटा पाठवला होता. कुणी उघडला नव्हता. दोन्ही करारांत कलम आहे की कंपनीकडे आधीपासून असलेल्या उमेदवाराचे पैसे नाहीत. साहेब खूश आहेत, म्हणतात दोघींनाही देऊ नका.

ताळेबंद
त्या कलमाला मुदत किती?

नोंदवही
पहिलीच्या करारात सहा महिने, ते तिच्या ३ जूनच्या मेलआधीच संपले. दुसरीच्या करारात मुदतच लिहिलेली नाही.

जुना भरतीवाला
म्हणजे जिने काम केलं तिलाच कागदावर शून्य. साहेबांना सांगा, तीच पोरगी तुमच्या पुढच्या जागेचा फोन उचलेल का ते आधी विचारून बघा.