सौदा क्षणात, शेअर उद्या: हा मधला दिवस खरंच लागतो का?

रिकामटेकडा
शेअर घ्यायचं बटण दाबलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत सौदा होतो, पैसेही लगेच अडकतात. शेअर मात्र खात्यात दुसऱ्या दिवशी, काही बाजारांत तिसऱ्या दिवशी. कागदी सर्टिफिकिटं कधीच गेली, सगळा मामला संगणकातल्या आकड्यांचा. मग वेळ जातो कुठे? मला तर ही निव्वळ जुनी सवय वाटते, आणि मधल्या लोकांना ती सोयीची आहे म्हणून टिकली आहे. पटत नसेल त्यांनी कारण सांगावं.

बेधडक
सवय नाही हो, धंदा आहे. तुमचे पैसे एक दिवस अडकवायचे आणि त्यावर व्याज खायचं. एकट्याचे किरकोळ वाटतात, पण लाखो लोकांचे धरा.

हिशोबनीस
ब्रोकरच्या बॅक ऑफिसात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून तत्त्वज्ञान न सांगता एक दिवसाचा हिशोबच मांडतो.

एकच कंपनी, तीन ब्रोकर: क, ख आणि ग. सकाळी १० वाजता क ने ख कडून १,००० शेअर १०० च्या भावाने घेतले. ११ वाजता ख ने ग कडून १,००० घेतले, भाव १०१. दुपारी २ ला ग ने क कडून ९०० घेतले, भाव १०२. तीनच सौदे. प्रत्येक सौदा जागच्या जागी पुरा करायचा म्हटलं तर २,९०० शेअर हलवावे लागतील आणि २,९२,८०० इतकी रक्कम इकडून तिकडे जाईल.

आता संध्याकाळपर्यंत थांबा आणि वजाबाकी करा. क ला फक्त १०० शेअर मिळायचे आहेत आणि ८,२०० द्यायचे आहेत. ख चे शेअर फिटंफाट, तो फक्त १,००० देणं लागतो. ग ने १०० शेअर द्यायचे आणि ९,२०० घ्यायचे. बस्स. २,९०० च्या जागी १०० शेअर हलले आणि जवळपास तीन लाखांच्या जागी ९,२०० मध्ये काम झालं.

तो ख नीट बघा. १० वाजता विकताना त्याच्याकडे शेअर होते का? नसतीलही, कारण त्याने ते ११ ला घेतले. जागच्या जागी सेटलमेंट, म्हणजे शेअर आणि पैशांची प्रत्यक्ष देवाणघेवाण, असती तर दहाचा सौदा झालाच नसता, आणि क ला दुसरा विकणारा शोधावा लागला असता, कदाचित चढ्या भावाने. खऱ्या बाजारात असे ब्रोकर शेकड्यांनी आणि सौदे कोट्यवधी असतात, त्यामुळे ही वजाबाकी आणखी जास्त खाते. अमेरिकेत शेअरच्या सौद्यांचा हा हिशोब, म्हणजे क्लिअरिंग, करणारी संस्था एनएससीसी सांगते की नेटिंगमुळे, म्हणजे याच वजाबाकीमुळे, प्रत्यक्ष द्यायची रक्कम सुमारे ९८ टक्क्यांनी घटते.

तेव्हा संगणक हळू म्हणून वेळ लागत नाही. मुद्दाम थांबलं जातं, वजाबाकी जमावी म्हणून.

बेधडक, तुमच्या पडून असलेल्या शिलकीवर ब्रोकर कमावत असेल तर ती तक्रार रास्त आहे, पण तिचा सेटलमेंटच्या दिवसाशी संबंध नाही. सेटलमेंट एका मिनिटात झाली तरी तुम्ही पैसे त्याच्याकडे निवांत ठेवलेत की तो कमावणारच.

बेधडक
म्हणजे अर्धं तरी बरोबर होतो 😀

सोनचाफा
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. लाभांशाची रेकॉर्ड डेट होती त्याच दिवशी सकाळी शेअर घेतले, लाभांश मिळाला नाही. तेही या एका दिवसामुळेच ना? कंपनीकडे तक्रार करता येईल का?

हिशोबनीस
ताई, कारण तेच, पण तक्रारीला जागा नाही. त्या दिवसअखेर ज्याच्या खात्यात शेअर आहेत त्यालाच लाभांश, आणि तुमचे दुसऱ्या दिवशी आले. एका दिवसाची सेटलमेंट असेल तिथे निदान आदल्या कामकाजाच्या दिवशी घ्यायला हवेत. तसंही त्या सकाळी भाव साधारण लाभांशाइतका उतरून उघडतो, म्हणजे तुम्ही घेतलेत ते लाभांशाशिवायच्या भावाने. नुकसान झालं असं समजू नका.

उलटतपासणी
हिशोबनीस, वजाबाकी मान्य. पण तुम्ही नाण्याची एकच बाजू दाखवलीत. थांबण्याची किंमत कोण मोजतो तेही सांगा.

सौदा आणि सेटलमेंट यांच्या मधल्या काळात भाव हलतो आणि ब्रोकर बुडू शकतो. बुडाला तर क्लिअरिंग कॉर्पोरेशनला त्याच्या जागी शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात, कारण प्रत्येक विकणाऱ्याची गिऱ्हाईक आणि प्रत्येक घेणाऱ्याची विक्रेती तीच असते. म्हणून ती आधीच अनामत मागून ठेवते.

जानेवारी २०२१ मधलं गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या शेअरचं प्रकरण आठवा. तेव्हा अमेरिकेत दोन दिवसांची सेटलमेंट होती. रॉबिनहूड या ब्रोकरचे गिऱ्हाईक तो एकच शेअर भराभर घेत होते, म्हणजे वजाबाकी करायला समोर विक्रीच नव्हती. २८ जानेवारीच्या पहाटे एनएससीसीने आणखी सुमारे ३ अब्ज डॉलर मागितले, कंपनीने आदल्या दिवशीपर्यंत भरलेले होते ७० कोटींच्या आसपास. गिऱ्हाइकांनी खरेदीचे पूर्ण पैसे दिले असले तरी ते पैसे ब्रोकरला या अनामतीसाठी वापरता येत नव्हते, स्वतःच्या खिशातून भरायचे होते. शेवटी एकूण मागणी १.४ अब्जांवर आली, पण त्या दिवशी लोकांना तो शेअर घ्यायलाच बंदी झाली. विकायची तेवढी मुभा. रोख देऊन घेणाऱ्याला बाजाराचं दार बंद, कारण मधले दोन दिवस.

सौदा होताच शेअर आणि पैसे हातोहात बदलले असते तर ही अनामत लागलीच नसती.

रिकामटेकडा
हेच म्हणायचं होतं! मोबाइलवरून पैसे क्षणात पोचतात, मग शेअरलाच काय धाड भरली?

हिशोबनीस
मोबाइलवर तुम्हाला पैसे क्षणात दिसतात. दोन बँकांमधला हिशोब बऱ्याच ठिकाणी नंतर, ठरावीक वेळी एकत्र वजाबाकी करूनच होतो. तिथे मधल्या काळाचा धोका बँका उचलतात, म्हणून तुम्हाला तो जाणवत नाही.

गेमस्टॉपबद्दल उलटतपासणी यांचं म्हणणं खरं आहे, ते नाकारत नाही. दिवस कमी केले की अनामत घटते, हेही दिसलं आहे. २८ मे २०२४ ला अमेरिका दोन दिवसांवरून एका दिवसावर आली, तेव्हा एनएससीसीकडचा अनामत निधी सुमारे ३ अब्ज डॉलरने, म्हणजे जवळजवळ पाव हिश्शाने उतरला. पण दोनाचा एक करताना वजाबाकी शाबूत राहते. एकाचं शून्य करताना, म्हणजे सौद्यागणिक हातोहात, ती मरते. मग अनामतीऐवजी पूर्ण रक्कम आणि पूर्ण शेअर आधीच तयार ठेवावे लागतात. धोका गेला, पण पैसा बांधला गेला.

अनुभवी_मासा
माझी कथा ऐका. सोमवारी २०० शेअर घेतले, मंगळवारी भाव चढला म्हणून विकून टाकले. ॲपवर शेअर दिसत होते, विक्रीही झाली. मग कळलं की ज्याने मला विकले त्याने ते दिलेच नाहीत, त्यामुळे मलाही पुढच्याला देता आले नाहीत. न दिलेले शेअर माझ्या नावावर लिलावात विकत घेतले गेले, वर दंड. नफा चुलीत गेलाच, शिवाय पदरचे पैसे. ब्रोकर म्हणाला, आमचा काय दोष. मग दोष कुणाचा?

हिशोबनीस
"ज्याने मला विकले" असा कुणी ठरलेला माणूस तुमच्या समोर नसतो. वजाबाकीनंतर काही ब्रोकर देणं लागतात, काही घेणं. देणाऱ्यांपैकी कुणी कमी भरले की तो तुटवडा घेणाऱ्या ब्रोकरांच्या वाट्याला येतो आणि ब्रोकर तो आपल्या गिऱ्हाइकांत वाटतो. तुमच्या नशिबी तो आला.

मंगळवारी ॲपवर दिसले ते येणे होते, आलेले नव्हते. बहुतेक ॲपमध्ये खात्यातल्या शेअरच्या शेजारी न आलेल्यांचा वेगळा आकडा किंवा खूण असते. ती बघितल्याशिवाय दुसऱ्या दिवशी विकू नये, विशेषतः ज्या शेअरमध्ये उलाढाल कमी आहे किंवा वरचं सर्किट लागलं आहे, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकला आहे, तिथे. सर्किट लागलेल्या शेअरमध्ये सकाळी शेअर नसताना विकून बसलेल्यांना परत घ्यायला कुणी विकणारा मिळत नाही आणि संध्याकाळी तुटवडा तिथेच पडतो. लिलाव मग चढ्या भावाने होतो.

आणखी एक. घेणारा आणि न देणारा दोघे एकाच ब्रोकरकडचे असतील तर त्यांची वजाबाकी ब्रोकरच्या घरातच होते, क्लिअरिंग कॉर्पोरेशनला तुटवडा दिसतसुद्धा नाही. तो ब्रोकर स्वतःच्या नियमाने निस्तरतो. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लिलावाचं बिल शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. तुटवडा घरातला होता की बाजारातला, हे ब्रोकरला लेखी विचारा.

अनुभवी_मासा
विचारतो. पण मग हातोहात सेटलमेंट असती तर माझ्यावर हे आलंच नसतं, हे तर कबूल कराल?

हिशोबनीस
हो, ते कबूल. हातात नाही ते विकताच आलं नसतं.

उलटतपासणी
मग मधला मार्ग का नको? हातोहात नको, पण त्याच दिवशी संध्याकाळी वजाबाकी करून टाका. वजाबाकीही राहील आणि रात्रभराचा धोकाही जाईल. भारतात २८ मार्च २०२४ पासून २५ शेअरमध्ये ऐच्छिक म्हणून हे सुरूही झालं. तंत्र जमतं, एवढं तरी सिद्ध झालं.

दूरदेशी
मी परदेशी फंडांच्या कस्टडीचं, म्हणजे त्यांचे शेअर आणि पैसे सांभाळायचं, काम बघते, आमची गोची सांगते. फंड एका खंडात, बाजार दुसऱ्या खंडात. शेअर घ्यायला आधी तिथलं चलन घ्यावं लागतं, आणि चलनाच्या सौद्याची नेहमीची सेटलमेंट अजून दोन दिवसांची आहे. किती शेअर मिळाले ते बाजार बंद झाल्यावर पक्कं कळतं, मग ते वेगवेगळ्या फंडांत वाटायचे, कस्टोडियनने दोन्हीकडचे तपशील जुळवायचे. एकीकडे संध्याकाळ तेव्हा दुसरीकडे मध्यरात्र. अमेरिका एका दिवसावर आल्यावर युरोपातल्या अनेकांना डॉलर आधीच घेऊन ठेवायची किंवा रात्रपाळी लावायची वेळ आली. युरोप स्वतः ११ ऑक्टोबर २०२७ ला एका दिवसावर यायचं म्हणतोय, त्याची तयारी आत्ताच डोकं खातेय. त्याच दिवशी संध्याकाळी म्हणाल तर आम्हाला अंदाजाने पैसे आदल्या दिवशीच पाठवावे लागतील.

उलटतपासणी
म्हणजे मोठ्या फंडांच्या सोयीसाठी लहान माणसाने रात्रभर थांबायचं. रिकामटेकडा यांचा मूळ मुद्दा मग तितका चुकीचा नव्हता.

दूरदेशी
सोय म्हणा हवं तर. पण तुम्ही लहान माणसं संध्याकाळी वेगळी आणि आम्ही दुसऱ्या दिवशी वेगळे केलं, तर एकाच शेअरचे दोन बाजार होतील, दोन भाव. जो कमी उलाढालीचा असेल तिथे घेताना-विकताना तुम्हालाच जास्त मोजावं लागेल.

हिशोबनीस
आणि दोन वेगळ्या वजाबाक्या. सकाळी एका बाजारात घेतलेले दुपारी दुसऱ्यात विकले तर फिटंफाट होत नाही, दोन्हीकडे पूर्ण द्यावे लागतात. ऐच्छिक सोय फारशी वापरली जात नाही त्याचं एक कारण हेच असावं असा माझा होरा आहे.

रिकामटेकडा
सवय हा शब्द मागे घेतो. सोयीची आहे, हा मात्र घेत नाही.

सोनचाफा
एक राहिलंच. बोनस शेअरच्या बाबतीतही आदल्या दिवशीच घ्यायचे का?

हिशोबनीस
हो ताई, तोच नियम.