मदत हवी आहे: एडीसीचे घड्याळ वाढवताच वाचन कमी येते

नमस्कार. ATmega328P मधील 10 बिटांच्या एडीसीने मी 6.6 व्होल्टच्या बॅटरीचा अर्धा दाब, म्हणजे 3.30 व्होल्ट, मोजत आहे. विभाजकात 100 किलोओहमचे दोन रोध आहेत आणि संदर्भ दाब 5 व्होल्ट आहे. एडीसी एकेक बिट ठरवत आकडा कसा शोधतो, ते मला समजते: आधी 512, म्हणजे 2.5 व्होल्ट, लावून पाहिले जाते, दाब त्याहून जास्त असल्याने तो बिट राहतो. मग 768 जास्त ठरून वगळला जातो, 640 राहतो, आणि असे दहा निर्णय होऊन 675 मिळतो.

घड्याळ 125 किलोहर्ट्झ असताना 13 ठोक्यांना 104 मायक्रोसेकंद लागतात आणि वाचन अचूक येते. वेग हवा म्हणून 1 मेगाहर्ट्झ केल्यावर, शून्य व्होल्टच्या वाहिनीवरून इकडे येताच पहिले वाचन 640 च्या आसपास येते. त्याच वाहिनीवरची पुढची वाचने मात्र सुधारतात.

नमुना घ्यायला दीडच ठोका मिळत असल्याने आतला धारक पुरता भरत नसावा, असे मला वाटते. की तुलनाकारालाच स्थिरावायला वेळ कमी पडतो? पिनजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा धारक पुरेल, की ऑप-अॅम्पचा बफरच लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.