‘शिळे वाचन’ म्हणावे का?

गोदाकाठ: आम्ही सिडकोतून द्राक्ष व्यापाऱ्यांसाठी गाडीनोंदीचं ॲप चालवतो. परवा एकाने गाडीची नोंद सेव्ह केली, यादी उघडली तर गाडीच नाही. त्याने पुन्हा नोंदवली. ५ मिनिटांनी यादीत दोन गाड्या! नोंद मुख्य डेटाबेसात जाते, यादी रेप्लिकावरून येते आणि रेप्लिका मागे पडली होती. ग्राहकांना मराठीत खुलासा द्यायचाय. ‘स्टेल रीड’ला मी ‘शिळे वाचन’ लिहिलं. साहेब म्हणाले, भाकरी आहे का ती?

आजीचा बटवा: शिळा आला ‘शीतल’वरून. शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं थंड खातो, ते नासकं असतं का? शब्द चपखल आहे.

मखमलाबादकर: वाचन आत्ताच झालं, ते शिळं कसं? माहिती शिळी. आणि रेप्लिका कशाला, ‘प्रत’ म्हणा. ‘विलंबित प्रत’.

निफाडकर: आवर्तन सुटलं तरी टेलला पाणी उशिराच येतं. ‘उशीर’ पुरे की.

डेटाबेसवाली: उशीर म्हटलं की सगळे नेटवर्कला धरतात. पुन्हा मागे पडली की मुख्य सर्व्हरवर हे चालवा:

```
SELECT write_lag, replay_lag
FROM pg_stat_replication;
```

पहिला आकडा मिलिसेकंदांत आणि दुसरा मिनिटांत असेल, तर नोंद रेप्लिकापर्यंत पोचलीय, लागू व्हायची अडलीय. तेव्हा रेप्लिकावर मोठा रिपोर्ट चालू होता का?

गोदाकाठ: हो, सहाचा हिशोब. तो मधेच रद्द व्हायचा, म्हणून `max_standby_streaming_delay` ३० सेकंदांवरून ५ मिनिटं केलं होतं.

डेटाबेसवाली: मग तेच असणार. मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूमने जुन्या ओळी काढल्या, पण रिपोर्टला त्या अजून हव्यात. म्हणून रेप्लिका ती सफाई थांबवते. बदल ओळीनेच लागू होतात, तेव्हा मागची तुमची गाडीही थांबते. परत ३० सेकंद केलंत तर रिपोर्ट पडेल, आणि अर्ध्या मिनिटापर्यंतचं शिळेपण राहीलच. रिपोर्टला वेगळी रेप्लिका द्या. ज्याने आत्ता नोंद केली, त्याला थोडा वेळ यादी मुख्य डेटाबेसावरूनच दाखवा.

निफाडकर: म्हणजे पाणी बांधापर्यंत आलंय, पण दारं धरणारा झोपलाय.

डेटाबेसवाली: झोपला नाही हो. आधीच्या वाफ्यात कोणी उभं आहे, म्हणून थांबलाय.

मखमलाबादकर: मग ‘तुंबलेली प्रत’!

आजीचा बटवा: तुंबतं ते गटार. शिळंच बरं.

मखमलाबादकर: शिळा म्हणजे दगड, हेही लक्षात असू द्या.

आजीचा बटवा: ती शिळा स्त्रीलिंगी. ‘शिळा भात’ म्हणताना दगड आठवतो का तुम्हाला?

गोदाकाठ: साहेबांनी ‘तांत्रिक कारणास्तव’ लिहून पाठवलंसुद्धा.

मखमलाबादकर: यात कारण कुठंय?

निफाडकर: ते राहू द्या. दुसरी गाडी यादीतून काढली का?